फराळाची वही आणि १८१ गिऱ्हाइकं: कामाच्या नोंदी

सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

भाऊबीज झाली, पाहुणे गेले आणि काकूंचा फोन आला. बचत गटाच्या दिवाळी फराळाचा हिशोब जुळलाय, पैसे वाटून झालेत. एकच गोष्ट राहिली आहे. या वर्षी ज्यांनी ज्यांनी फराळ नेला त्या प्रत्येकाला संक्रांतीला तिळगुळाचं एक पाकीट द्यायचं ठरलंय. छापील पाकिटं आधी सांगावी लागतात, त्यामुळे त्यांना आकडा हवा. "गिऱ्हाइकं किती झाली तेवढं काढून दे रे, पाच मिनिटांचं काम आहे." मीही हो म्हणून बसलो.

नोंदी सुषमाताई ठेवतात. त्यांच्या लॅपटॉपवर एक्सेल २०१३ आहे, माझ्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५. शेवटी आकडा त्यांच्याच फाइलमध्ये दिसायला हवा, म्हणून फॉर्म्युला त्यांच्याकडेही चालणारा पाहिजे. `UNIQUE` आणि `FILTER` त्यांच्याकडे नाहीत. ते मी फक्त माझ्याकडे पडताळणीला वापरणार.

फाइलमध्ये एकच शीट. पहिल्या ओळीत मथळे आणि खाली २ ते ६१३ अशा ६१२ ओळी. कॉलम असे: A तारीख, B नाव, C मोबाइल, D पदार्थ, E वजन, F रक्कम. नावं वरचेवर येतात, कारण बायका एकदा चकली नेतात आणि चार दिवसांनी करंज्यांसाठी पुन्हा येतात. मध्येमध्ये नावाचे सेल रिकामे आहेत, आणि तेही पाचपन्नास नव्हेत, बरेच आहेत.

मोजायला बसण्याआधी तीन साधे आकडे काढले:

```
=ROWS(B2:B613)         612
=COUNTA(B2:B613)       402
=COUNTBLANK(B2:B613)   231
```

भरलेले ४०२ आणि रिकामे २३१, बेरीज ६३३. ओळी मात्र ६१२. म्हणजे २१ सेल असे आहेत की जे दोन्हीकडे मोजले गेले. हे कशामुळे होतं ते माहीत होतं. ज्या सेलमध्ये फॉर्म्युला आहे पण त्याचं उत्तर `""` आहे, त्याला `COUNTA` भरलेला म्हणतं, कारण आत काहीतरी आहे. `COUNTBLANK` त्यालाच रिकामा म्हणतं, कारण दिसायला काही नाही. शोधल्यावर शेवटच्या २१ ओळी सापडल्या. फोनवरच्या ऑर्डरींची वेगळी शीट आधी होती, तिथून `=IF('फोन'!B2="","",'फोन'!B2)` असं ओढून आणलेलं होतं आणि ते गरजेपेक्षा खाली ओढलं गेलं होतं. ती शीट आता लपवलेली आहे, म्हणून पहिल्यांदा दिसली नाही.

एवढं नक्की झालं की `COUNTA` वर भरवसा ठेवून पुढे जायचं नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

आज फॉर्म्युला बसवला. त्याआधी सुषमाताईंना तो कसा चालतो ते दाखवायचं होतं, म्हणून वेगळ्या फाइलमध्ये B2 पासून आठ सेलांची छोटी यादी केली: सुनंदा, रिकामा, महेश, सुनंदा, रिकामा, सुनंदा, महेश, रुक्मिणी. बोटावर मोजली तर तीन माणसं.

विचार असा. प्रत्येक ओळीला पूर्ण एक गुण देण्याऐवजी, ते नाव जितक्या वेळा आलंय तितक्यावा हिस्सा द्यायचा. सुनंदा तीनदा आली, तर तिच्या प्रत्येक ओळीला एक तृतीयांश. तिन्ही मिळून एक. महेश दोनदा, दोन अर्धे मिळून एक. रुक्मिणी एकदाच, तिचा एक. बेरीज तीन. नाव कितीही वेळा येवो, त्याच्या वाट्याला एकच येतो. सुषमाताई लगेच म्हणाल्या, "म्हणजे भिशीसारखं झालं दादा, हप्ते किती का असेनात, नाव एकच." अगदी तसंच नाही, पण चालेल.

```
=SUMPRODUCT(1/COUNTIF(B2:B9,B2:B9))
```

हे टाकलं आणि `#DIV/0!` आलं. दोष रिकाम्या सेलांचा. `COUNTIF` ला शोधायची गोष्ट म्हणून रिकामा सेल दिला की तो त्याला शून्य समजतो आणि यादीत ० हा आकडा शोधतो. यादीत शून्य कुठेच नाही, मोजणी ० येते आणि १ भागिले ० होतं. दुरुस्तीला दोन तुकडे लागतात:

```
=SUMPRODUCT((B2:B9<>"")/COUNTIF(B2:B9,B2:B9&""))
```

`&""` जोडल्याने रिकामा सेल शून्य न राहता रिकामा मजकूर होतो. तो मजकूर `COUNTIF` ला यादीतल्या दोन्ही रिकाम्या सेलांत सापडतो, मोजणी २ येते आणि भागाकार फुटत नाही. वरचा `<>""` रिकाम्या ओळीचा अंश शून्य करतो, म्हणजे ० भागिले २, शून्य. दोन्ही तुकडे हवेतच. पुष्कळ जण नुसतं `&""` लावतात. मग सगळे रिकामे सेल मिळून एक गिऱ्हाईक होतं आणि उत्तर एकाने जास्त येतं. एकाचा फरक कोणाच्या डोळ्यात भरत नाही, तीच पंचाईत. आमच्या छोट्या यादीत नुसत्या `&""` ने ४ आले, पुऱ्या फॉर्म्युल्याने ३.

आता हाच मोठ्या यादीवर, B2:B613. उत्तर २१०.

काकूंना फोन करणारच होतो. सहज त्या सेलचं फॉरमॅट बदलून General केलं, तर आत २०९.५८ निघालं. सेलला रकमेचं फॉरमॅट होतं, दशांश लपले होते. माणसं अपूर्णांकात येत नाहीत. फोन राहिला.

मंगळवार, रात्री

अपूर्णांकाचं कारण सापडायला तासभर गेला. नावांच्या यादीत तेरा ठिकाणी नावापुढे चांदणी आहे: `महेश*`, `सुनंदा पवार*`. ज्यांनी पैसे आगाऊ दिले त्यांना सुषमाताईंनी खूण केली होती. वहीत करतात तशीच, साधी खूण. `COUNTIF` च्या लेखी मात्र `*` म्हणजे "इथे काहीही चालेल".

छोट्या यादीत एक `महेश*` वाढवून बघितलं. तो शोधताना `COUNTIF` ला दोन साधे महेश आणि एक चांदणीवाला असे तीन सापडतात, म्हणून त्याच्या वाट्याला १ ऐवजी ०.३३ येतो. साध्या महेशचं गणित बिघडत नाही. एकूण ३.३३. `?` चंही असंच आहे, तो कुठल्याही एका अक्षराला लागू पडतो.

अपूर्ण उत्तर ही इथली सगळ्यात उपयोगी खूण आहे, हे आज कळलं. या फॉर्म्युल्याला नेटवर बरेचदा `ROUND` गुंडाळलेलं दिसतं. त्याला कारण आहे, तृतीयांश जोडताना कधी शेवटच्या घरात कणभर फरक राहतो आणि उत्तर पूर्ण आकड्याशी तोलून पाहिलं तर `FALSE` येऊ शकतं. पण सुरुवातीलाच गोल केलं असतं तर २०९.५८ चे मुकाट २१० झाले असते. आधी उघडा आकडा पाहायचा, यादी निर्मळ झाल्यावर हवं तर `ROUND`.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

चांदणी काढायची, पण सुषमाताईंचा B कॉलम हातात घ्यायचा नाही. तो त्यांचा मूळ दस्तऐवज, आणि चांदणीत त्यांची माहिती आहे. म्हणून शेजारी G कॉलममध्ये धुतलेलं नाव. फॉर्म्युल्याच्या पोटातच `COUNTIF(TRIM(B2:B613),...)` लिहिता येईल असं वाटतं, पण एक्सेल ते घेतच नाही. `COUNTIF` ला पहिल्या जागी खरीखुरी सेलांची पट्टी लागते, फॉर्म्युल्यातून निघालेली यादी चालत नाही. वेगळा कॉलम करण्यावाचून गत्यंतर नाही.

धुवायचं काय काय, ते एकेक बघत गेलो.

पहिली रिकामी जागा. नावामागे चुकून पडलेली स्पेस, दोन शब्दांत दोन स्पेस. `TRIM` दोन्ही आवरतं. चार सेल तर असे निघाले की ज्यात नाव नाहीच, फक्त एक स्पेस आहे. चुकीचं नाव पुसायला सुषमाताईंनी स्पेसबार दाबला होता. दिसायला रिकामा, पण `<>""` च्या परीक्षेत तो भरलेला ठरतो आणि चौघे मिळून एक अदृश्य गिऱ्हाईक बनवतात.

`TRIM` नंतरही काही जोड्या तशाच राहिल्या. डोळ्याला एकच नाव, मोजायला दोन. मागचं शेवटचं अक्षर `=UNICODE(RIGHT(B88,1))` ने तपासलं तर 160 आलं. साधी स्पेस 32 असते. 160 म्हणजे न तुटणारी स्पेस, ती वेब पानावरून किंवा दुसऱ्या ॲपमधून मजकूर चिकटवला की सोबत येते. `TRIM` तिला हात लावत नाही. आधी ती साध्या स्पेसमध्ये बदलायची, मग `TRIM`.

तिसरी गोष्ट मराठीचीच आहे, आणि इंग्रजीतल्या कुठल्याही उत्तरात ती सापडणार नाही. यादीत कऱ्हाडकर आडनावाच्या बाई आहेत. ४७व्या ओळीत त्यांचं नाव आहे आणि २३०व्याही. दोन्हीकडे तेच नाव, तोच मोबाइल, स्पेस नाही, चांदणी नाही. तरी मोजणीत दोन. अक्षरागणिक वाचलं, दोनदा वाचलं, काही फरक नाही. मग नुसतं आडनाव वेगळ्या सेलांत काढून `LEN` लावलं. एक ८, दुसरं ९.

अर्धा र. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर `ऱ` हे वेगळंच अक्षर आहे (क्रमांक 2353), त्याला हलन्त आणि पुढे ह. दुसऱ्यावर साधा `र` (2352), हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडाक्षरचिन्ह, क्रमांक 8205. ते चिन्ह नसेल तर रफार होतो, म्हणून ते घालावं लागतं. पडद्यावर दोन्हींचं चित्र एकच उमटतं. ऑर्डर सुषमाताईंनी लॅपटॉपवर लिहिली की एक तऱ्हा, मुलीने मोबाइलवरून लिहिली की दुसरी. कऱ्हाडकर, कुऱ्हाडे, गोऱ्हे, आमच्या यादीत अशा तीन जोड्या निघाल्या.

सगळं मिळून G2 असा झाला:

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(
B2,"*",""),UNICHAR(160)," "),
"र्"&UNICHAR(8205),"ऱ्"))
```

`SUBSTITUTE` मध्ये `*` ही साधी चांदणीच असते, तिथे "काहीही" असा अर्थ लागत नाही. `UNICHAR` एक्सेल २०१३ पासून आहे, म्हणजे ताईंकडे चालतं. `Ctrl+H` ने चांदणी काढायची झाली तर मात्र `~*` लिहायचं. नुसतं `*` लिहून जागा रिकामी ठेवून "Replace All" दाबलं तर अख्खा कॉलम पुसला जातो. (हे कसं कळलं ते नोंदवत नाही. फाइलची प्रत होती.)

G वर मोजणी केली. र चा उपाय घालायच्या आधी १९७, घातल्यावर १९४. दोन्ही वेळा दशांश शून्य.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

१९४ हा आकडा वेगळी नावं किती ते सांगतो. माणसं किती ते त्याला माहीत नाही.

यादी अकारविल्हे लावून काकूंसमोर धरली. त्यांनी पाच मिनिटांत माझ्या तीन दिवसांची हवा काढली. "ही सुनंदाताई पवार आणि ही सुनंदा पवार एकच, ती आपल्या वाड्यामागची. आणि हे संतोष पाटील दोन आहेत, एक वरच्या आळीतला, एक पोस्टातला." नावांना ताई, काकू, सौ. लागलेलं, कुठे शुद्धलेखनाचा फरक. सूत्राला हे कळण्याचं काही कारणच नाही. आणि दोन संतोष पाटलांना ते एक धरणार, तेही त्याच्या दृष्टीने बरोबर.

म्हणून ओळख नावावरून काढून मोबाइलवर न्यायची ठरवली. C कॉलम तसाच्या तसा मोजून पाहिला, दोन पद्धतींनी. `SUMPRODUCT` ने १८२. माझ्या लॅपटॉपवर:

```
=ROWS(UNIQUE(FILTER(C2:C613,C2:C613<>"")))
```

याने १८८. एकाच कॉलमची दोन उत्तरं बघून जरा घाबरलो. कारण साधं निघालं. काही नंबर आकडा म्हणून साठवलेत (सेलमध्ये उजवीकडे टेकलेले), काही मजकूर म्हणून (डावीकडे). `COUNTIF` आकड्यासारखा दिसणारा मजकूर आकडाच समजतो, त्यामुळे दोन्ही त्याला एक. `UNIQUE` प्रकार बघतं, त्याला ते वेगळे. सहा गिऱ्हाइकांचा नंबर दोन्ही तऱ्हेने आला होता. `COUNTIF` चा हा भोळेपणा इथे उपयोगी पडला. पण सोळा आकडी कार्ड क्रमांक असते तर त्यानेच घात केला असता, कारण एक्सेल आकड्याची पहिली पंधरा घरंच धरतो आणि फक्त शेवटच्या घरात वेगळे असलेले दोन क्रमांक एकच ठरतात.

नंबरांतही कुठे मध्ये स्पेस, कुठे पुढे +91. म्हणून H कॉलम, यालाच मी ओळख म्हणतो. मोबाइल असेल तर त्याचे शेवटचे दहा आकडे, नसेल तर धुतलेलं नाव:

```
=IF(C2="",G2,RIGHT(SUBSTITUTE(C2," ",""),10))
```

`RIGHT` चं उत्तर नेहमी मजकूर असतं, त्यामुळे आकडा-मजकूर हा घोळही मिटला. H वर मोजणी: १८६. त्यात १७७ मोबाइल आणि ९ नुसती नावं.

ही ९ नावं शंकेची होती. एखादीने पहिल्यांदा नंबर दिला आणि दुसऱ्या खेपेला "आहे ना तुमच्याकडे" म्हणून दिला नाही, की ती दोनदा मोजली जाणार, एकदा नंबराने, एकदा नावाने. सुषमाताईंना नऊ नावं वाचून दाखवली. पाच जणींचे नंबर वर कुठेतरी होतेच, ते C मध्ये भरले. उत्तर १८१. उरलेले चौघे खरोखरच नंबर न देणारे, त्यात एक आजोबा आहेत ज्यांच्याकडे फोनच नाही.

पिव्होट टेबलनेही ताडून पाहिलं. टेबल बनवताना "Add this data to the Data Model" वर खूण केली की मोजणीच्या पर्यायांत "Distinct Count" मिळतो. H वर तो १८२ म्हणाला. रिकाम्या ओळींचा `""` ही त्याच्या हिशोबात एक वेगळी किंमत आहे, एक जास्त तिचाच. ते वजा केलं की जुळतं.

शनिवार, १ नोव्हेंबर

रिकामे सेल सोडून द्यायचे, हे सुरुवातीला मी न विचारता गृहीत धरलं होतं. आज सुषमाताईंशेजारी बसून विचारलं, की ताई, नाव रिकामं का ठेवता?

दोन कारणं निघाली. एकाच बाईने चार पदार्थ घेतले की तारीख, नाव, मोबाइल फक्त पहिल्या ओळीत, खालच्या तीन ओळींत पदार्थ, वजन, रक्कम. वहीत आपण तसंच लिहितो, खाली दोन टिंबं द्यायचीही गरज वाटत नाही. दुसरं, देवळाजवळच्या टेबलावर रोख विक्री झाली तिथे नाव विचारलंच नाही. त्या ओळीत तारीख आहे, पदार्थ आहे, नाव नाही.

पहिल्या प्रकारचा रिकामा सेल सोडणं बरोबर, माणूस वरच्या ओळीत मोजला गेलाय. दुसऱ्या प्रकारचा सोडला तर एक खरं गिऱ्हाईक यादीबाहेर राहतं. दोघांतला फरक तारखेवरून कळतो, म्हणून रोख विक्रीच्या ओळी अशा मोजल्या:

```
=COUNTIFS(A2:A613,">0",G2:G613,"")
```

२७ आल्या. आधी तारखेच्या जागी `"<>"` लिहिलं होतं, तेव्हा ४८ आल्या होत्या. `"<>"` ला फॉर्म्युल्याचा `""` भरलेला वाटतो, त्यामुळे शेवटच्या त्या २१ ओळी आत शिरल्या. तारीख हा आतून आकडाच असतो, म्हणून `">0"` फक्त खऱ्या तारखा धरतो. बिननावाच्या एकूण ओळी २३५ (२३१ रिकाम्या आणि ४ स्पेसवाल्या), त्यातून २७ आणि २१ गेल्या की १८७ उरतात. त्या सगळ्या "वरचंच नाव" प्रकारच्या.

२७ ओळी म्हणजे २७ माणसं नव्हेत. एकाच माणसाने दोनदा घेतलं असेल, किंवा यादीतल्याच कोणी टेबलावरून नेलं असेल. तो आकडा कुठल्याही सूत्राने मिळणार नाही. तो १८१ मध्ये मिसळायचा नाही, शेजारी वेगळा लिहायचा.

मग काकूंनी विचारलं, "चकली किती घरांत गेली?" पुढच्या वर्षी भाजणी किती दळायची ते त्यावर ठरतं. आणि इथे पहिल्या प्रकारचे रिकामे सेलही सोडून चालेना. चकली ज्या ओळीत आहे तिथे नाव नसेल, कारण नाव वर चिवड्याच्या ओळीत आहे, तर ती बाई चकलीवाल्यांत येतच नाही. एकूण मोजणीत जे बिनधोक होतं ते पदार्थवार मोजणीत सरळ चूक ठरतं.

म्हणून वरची ओळख खाली उतरवणारा I कॉलम. पहिली कल्पना नेहमीची होती: `F5`, Special, Blanks निवडायचं, वरच्या सेलचा पत्ता लिहायचा आणि `Ctrl+Enter`. पण त्याने रोख विक्रीच्या ओळीलाही वरच्या बाईचं नाव चिकटतं. तारीख दिसली की थांबायला हवं:

```
=IF(H2<>"",H2,IF(OR(N(A2)>0,D2=""),"",I1))
```

ओळख असेल तर ती. नसेल आणि तारीख असेल तर रोख विक्री, रिकामं ठेव. पदार्थच नसेल तरी रिकामं ठेव, त्या २१ पोकळ ओळींसाठी. बाकी सगळीकडे वरचं खाली. `N(A2)` यासाठी की A मध्ये `""` असेल तर सरळ `A2>0` खरं ठरतं, एक्सेलच्या क्रमात मजकूर आकड्यापेक्षा मोठा असतो.

I ची एकूण मोजणी पुन्हा १८१ आली, ती यायलाच हवी होती. खाली उतरवल्याने नवं कोणी जन्मत नाही. मग चकली:

```
=SUMPRODUCT((I2:I613<>"")*(D2:D613="चकली")
/COUNTIFS(I2:I613,I2:I613&"",D2:D613,D2:D613&""))
```

खाली भाजक आता "हीच बाई, हाच पदार्थ" अशा ओळींचा. H वर केली होती तेव्हा ५८ घरं. I वर ११७. काकू म्हणाल्या, "हां, आता पटलं. अठ्ठावन्न घरांसाठी का माझे हात एवढे दुखले?"

सोमवार, ३ नोव्हेंबर

फाइल ताईंच्या लॅपटॉपवर टाकली, G, H, I लपवले, वर एका सेलमध्ये उत्तर. पट्टी २ ते ६१३ अशीच ठेवली आहे. अख्खा कॉलम `I:I` देऊ नका असं सांगितलं. हे सूत्र प्रत्येक ओळ प्रत्येक ओळीशी ताडतं, ६१२ ओळींना पावणेचार लाख तुलना, त्या क्षणात होतात. पूर्ण कॉलमला साडेदहा लाख ओळी आहेत, तिथे तो लॅपटॉप गार पडेल.

पाकिटं २१० सांगायची ठरली. १८१ नावानिशी आणि २७ रोखीची, वर दोन काकूंनी हाताने वाढवली. गंमत म्हणजे मंगळवारचं चुकीचं उत्तरही २१०च होतं. सुषमाताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग आठवडाभर काय केलंत?"

बुधवार, ५ नोव्हेंबर

ताईंचा फोन. वरच्या सेलमध्ये १८२ दिसतंय. नवीन ऑर्डर नाही, मग कोण वाढलं? फाइल मागवली. परवा मी रिकाम्या नावाबद्दल एवढं विचारलं म्हणून त्यांनी त्या २७ ओळींत नावाच्या जागी नीट "रोख" असं लिहून काढलं होतं. सूत्राच्या दृष्टीने रोख नावाच्या बाई सत्तावीस वेळा फराळ घेऊन गेल्या.

खूण चांगलीच आहे, पुसायला लावलं नाही. G च्या बाहेर एक अट घातली, की धुतलेलं नाव "रोख" असेल तर `""` द्या. १८१.